चाल उसनी, बोल कुणाचे?

बेळगाव-निपाणीकडच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाद वरचेवर पेटतो. एक बाजू म्हणते, ट्रेंडिंग गाण्यावर रील टाकली नाही तर आपलं दुकान आहे हेच कुणाला कळायचं नाही. दुसरी म्हणते, बापाने सचोटीने चालवलेल्या दुकानाच्या पाटीखाली पोरांनी नाचायचं, ही कसली जाहिरात? मग एकजण शेजारच्या दुकानाच्या रीलला किती व्ह्यूज आले ते टाकतो, दुसरा संस्कार काढतो, आणि रात्री अकराला अ‍ॅडमिन सगळ्यांना शुभरात्री म्हणतो. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. ती रील पाहून झाल्यावर तिच्यात काय विकायला ठेवलं होतं, हे पाहणाऱ्याला सांगता येतं का?

बऱ्याचदा येत नाही, आणि त्याचा दोष ट्रेंडला देणं चूक आहे. ट्रेंड जरूर वापरावा, अगदी लहान दुकानाने तर वापरावाच. फक्त आज कामाचा क्रम उलटा झाला आहे. आधी गाणं सापडतं, मग त्यावर काय करता येईल ते सुचतं, आणि शूटिंगच्या शेवटी कुणाला तरी आठवतं, ‘अरे, पॅकेट धर की हातात!’ मालाबद्दल सांगायचं एक वाक्य आधी ठरलं पाहिजे आणि ट्रेंड त्या वाक्याच्या मापाने निवडला पाहिजे. वाक्याला बसायला जागा नसेल, तर तो ट्रेंड कितीही धावत असो, आपल्यासाठी तो नाही.

ट्रेंडवाल्यांचा मुख्य मुद्दा खोटा नाही. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाग्रामने रील्स आणल्या, आणि खानापूर-हुक्केरीतल्या दुकानदाराला पैसे न मोजता अनोळखी माणसापर्यंत पोचायची वाट सापडली. ओळखीचा सूर कानावर पडला की सरकणारा अंगठा क्षणभर थांबतो. तो क्षण विकत घ्यायचा तर पैसे पडतात, ट्रेंड तो फुकट देतो. मात्र थांबलेल्या माणसाच्या हातात आपण काय ठेवतो, हे काम ट्रेंड करत नाही.

उसन्या चालीवर आपलं म्हणणं सांगणं मराठी माणसाला नवं आहे का? याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये संगीत नाटक उभं केलं, तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कानडी पदं अशा लोकांच्या कानात मुरलेल्या चाली घेतल्या. जुन्या नाट्यपदांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे शब्द छापलेले असायचे, उसनवारी उघड होती. गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी तेच केलं. सत्यशोधक जलशांनी तर तमाशाचा अख्खा साचा उचलला आणि त्यात स्वतःचा विचार भरला. पण या सगळ्यांनी चाल उसनी घेतली आणि बोल आपले घातले, हे विसरता येत नाही. आजचा ट्रेंड आपण चालीसकट, बोलांसकट, हावभावांसकट उचलतो. मग आपल्या मालाने बोलायचं कुठे?

शब्दांचा हा पेच नीट समजून घेण्यासारखा आहे. एखादा गाजलेला संवाद लावून त्यावर ओठ हलवायचे आणि पडद्यावर मालाची माहिती लिहायची, हा सर्रास दिसणारा प्रकार. यात कान एक वाक्य ऐकतो आणि डोळा दुसरं वाचतो. दोन वाक्यं एकाच वेळी डोक्यात शिरायला बघतात, आणि जिंकतं ते आधीच पाठ असलेलं. संवाद चालू असताना मालाबद्दल नवं काही सांगायला जाऊ नये ते यासाठी. संवादाचा ट्रेंड घ्यायचाच, तर पडद्यावरच्या मजकुराने त्या संवादाला आपला अर्थ द्यावा, वेगळी माहिती देऊ नये. ‘हा कोण आला?’ असा संवाद असेल आणि पडद्यावर ‘मिरचीचा देठ’ एवढेच दोन शब्द असतील, तर कान आणि डोळा एकाच गोष्टीबद्दल बोलतात. मालाबद्दल खरोखर काही समजावून सांगायचं असेल, तर बिनशब्दांचा सूर घ्यावा, आपला आवाज पूर्ण ठेवावा आणि संगीत एडिटरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आणावं.

हे सगळं एका उदाहरणावर नीट उतरवून पाहू. समजा, निपाणीत घरगुती चटणीचा धंदा आहे. माल संकेश्वरी मिरचीचा, रंगासाठी थोडी ब्याडगी घातलेली, कांडपावर कांडलेला. सांगण्यासारखं बरंच आहे: मिरची यंदाची आहे, उन्हात वाळवलेली आहे, रंग घातलेला नाही, तिखटाचे तीन प्रकार आहेत, घरपोच मिळते. यातलं एकच निवडायचं, आणि निवडायचं ते डोळ्यांना दाखवता येण्यासारखं. ‘शुद्ध’ कॅमेऱ्यात दिसत नाही, ‘घरगुती’ही दिसत नाही. ‘देठ काढूनच कांडतो’ हे मात्र दिसतं. देठासकट कांडलं की वजन भरतं, पण रंग फिका पडतो आणि चटणीत कूस राहते, हे दर उन्हाळ्यात चटणी करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तेव्हा वाक्य ठरलं, तीनच शब्दांचं.

आता त्या वाक्याच्या मापाचा ट्रेंड शोधायचा. ज्या गाण्यात थोडा वेळ ताण वाढत जातो आणि मग ठोका पडून सूर उघडतो, त्या जातीचे ट्रेंड इथे चालतात, कारण आपल्या वाक्यातही ‘आधी’ आणि ‘नंतर’ आहे. सहा स्टेप्सचा नाच असलेला ट्रेंड इथे निरुपयोगी. त्यात माणूस सतत पडद्यावर लागतो, आणि माणसाचा चेहरा दिसला की नजर चटणीकडे वळत नाही. ऑडिओच्या नावाशेजारी वर जाणारा बाण दिसतो, तो ट्रेंड चढता असल्याची खूण. त्याच ऑडिओच्या पानावर जाऊन त्यावरच्या दहा-बारा रील्स पाहाव्यात आणि एवढंच टिपावं: ठोका कितव्या सेकंदाला पडतो, आणि त्या क्षणी सगळेजण काय बदलतात. ती बदलाची जागा, तीच आपल्या मालाची खाच.

गणित सोपं आहे. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांचं. पाच-सहा शब्द वाचायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पडद्यावरचं कुठलंही वाक्य किमान एक पूर्ण आवर्तन टिकलं पाहिजे. हौशी एडिटर दर ठोक्याला चित्र बदलतो आणि चित्राबरोबर मजकूरही, म्हणून अर्ध्या सेकंदात कुणाचं काही वाचून होत नाही. चित्र हवं तर ठोक्याला बदलावं, मजकूर आवर्तनाला.

तर बारा सेकंदांची रील अशी बसते. पहिली दोन सेकंदं फक्त बोटं आणि मिरची, देठ तुटताना होणारा बारीक ‘टक्’ आवाज संगीताच्या वर ऐकू येईल असा, आणि मजकूर: ‘देठासकट की देठ काढून?’ पुढची दोन सेकंदं तीच क्रिया वेगाने, सुपात देठांचा ढीग वाढत जाणारा. चौथ्या सेकंदाला ठोका पडतो, त्याच क्षणी ढीग तराजूच्या पारड्यात. काट्यावर 1 किलो मिरचीमागे जे वजन येईल ते जसंच्या तसं दाखवायचं, चार सेकंदं, कापाकापी न करता. आकडा पडद्यावर टाइप करू नये. काट्यावरचा आकडा माणूस मानतो, टाइप केलेल्यावर शंका घेतो. आठव्या सेकंदापासून कांडपातून पडणारी लाल चटणी, वर ‘देठ काढूनच कांडतो’. शेवटची दोन सेकंदं पॅकेट, नाव, गाव, फोन नंबर. माल पहिल्या सेकंदापासून पडद्यावर आहे आणि ट्रेंडचं आकर्षण जिथे आहे नेमकं तिथे मालाचं म्हणणं आहे, म्हणून यातून गाणं काढून टाकलं तरी अर्थ शाबूत राहतो.

आवाज बंद करून रील पाहणं, ही पहिली कसोटी. तिच्याहून कठोर दुसरी: पॅकेटवरचं नाव झाकून तिथे दुसऱ्या कुठल्याही धंद्याचं, मोबाईल कव्हरचं म्हणा की क्लासचं, नाव कल्पावं. रील तशीच चालत असेल तर ती आपली जाहिरात नाही, त्या गाण्याची आहे.

आणखी एक चूक इतकी साधी आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. टेबलावर पुढे पॅकेट मांडून मागे माणूस उभा करतात. फोनच्या कॅमेऱ्यात ते छान दिसतं. रील चढली की खालच्या भागावर खात्याचं नाव, कॅप्शन आणि ऑडिओची पट्टी येऊन बसते, आणि पॅकेट नेमकं त्यामागे जातं. उभी रील 1080 बाय 1920 पिक्सेलची असते. तिच्यात वरचे सुमारे 14 टक्के आणि खालचे सुमारे 35 टक्के मोकळे सोडावेत, असं इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाचंच जाहिरातदारांना सांगणं आहे. उरतो तो मधला निम्मा भाग. माल आणि मजकूर दोन्ही त्यातच बसले पाहिजेत, आणि उजव्या कडेला लाईक-शेअरची बटणं असतात म्हणून तिकडेही फोन नंबर टेकवू नये.

सीमाभागातल्या धंद्याची खरी कसरत भाषेची. निपाणीच्या दुकानात कागल-कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक येतं तसं चिकोडी-हुक्केरीचंही. ट्रेंडवाले इथे एक बिनतोड मुद्दा मांडतात: सुराला भाषा नसते, तो दोन्हीकडे चालतो. खरं आहे, आणि बिनशब्दांचा सूर निवडायचं इथे ते आणखी एक कारण आहे. पण मग सगळ्यांना सामावून घ्यायच्या नादात एकाच पडद्यावर मराठी, खाली कानडी, कोपऱ्यात इंग्रजी अशी दाटी होते, आणि दोन सेकंदांत कुणालाच आपली ओळ सापडत नाही. त्यापेक्षा चित्रीकरण एकच, कापणी एकच, आणि मजकुराच्या दोन आवृत्त्या कराव्यात. वरच्या उदाहरणात बदलावी लागतात ती अवघी तीन वाक्यं. काट्यावरचा आकडा, तुटणारा देठ आणि पडणारी चटणी यांचं भाषांतर करावं लागत नाही. कानडी वाक्य मात्र कानडी घरातल्या माणसाकडून लिहून घ्यावं. फोनने केलेलं भाषांतर गिऱ्हाईक ओळखतं, आणि आपल्याकडे त्यावरून माल राहतो बाजूला, कॉमेंटमध्ये भलताच वाद सुरू होतो.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे. प्रत्येक जाहिरातीने माल सांगितलाच पाहिजे का? नुसतं हसवलं, नाव डोळ्यांसमोर राहिलं, तरी आज ना उद्या गिऱ्हाईक येतंच की. यासाठी हमखास अमूलचं उदाहरण दिलं जातं. 1966 पासून ती ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी वरचेवर ताज्या घडामोडीवर कोटी करते, लोण्याचे गुण कुठे सांगते? उदाहरण बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. घडामोड दर वेळी नवी असते, पण मुलगी तीच, तिचा फ्रॉक तोच, लोणी बहुधा चित्रातच, आणि कोटीचा शेवट फिरून खाण्यावर किंवा लोण्यावर. उसनी घेतली जाते ती फक्त बातमी, चौकट कधीच नाही. आणि हे अर्धशतकाहून अधिक काळ न थांबता, शहरोशहरी फलक लावून. महिन्याला चार रील्स टाकणाऱ्या, दर रीलमध्ये वेगळा चेहरा, वेगळा रंग आणि वेगळी अक्षरं वापरणाऱ्या दुकानाला ती मुभा कुठून मिळणार? नुसतं हसवायचंच असेल तर निदान एक चौकट पक्की करावी: तेच सूप, तोच तराजू, मजकुराचा तोच रंग. मग ट्रेंड बदलत राहिला तरी दुकान ओळखू येतं.

हक्कांचा भाग थोडक्यात, पण टाळून चालणार नाही. बिझनेस खात्यावर हवं ते गाणं दिसत नाही म्हणून खातं पर्सनल करून घेण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. गाणं दिसू लागतं, धंद्यासाठी वापरायचा हक्क मिळत नाही. मेटाच्या संगीतविषयक नियमांत व्यावसायिक वापराला वेगळा परवाना लागतो. सात सेकंद वापरलं तर चालतं, हीही अफवाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेच नाही. रीलचा आवाज एके दिवशी गप्प होतो, किंवा चांगली चाललेली रील पैसे लावून बूस्ट करायला जावं तर कॉपीराइटचं संगीत आहे म्हणून नकार येतो, तेव्हा हे कळतं. म्हणजे ज्या रीलवर पैसे लावावेसे वाटतात तिच्यावरच लावता येत नाहीत. पुढे बूस्ट करायचा विचार असेल तर सुरुवातीलाच मेटाच्या साउंड कलेक्शन या धंद्यालाही वापरता येणाऱ्या सुरांच्या संग्रहातला सूर घ्यावा, ठोक्याची जागा मोजून त्यावरच कापणी करावी.

रील चालली की नाही, हे व्ह्यूजवरून ठरवणाऱ्यांनी आधी कॉमेंट्स वाचाव्यात. ‘ऑडिओ कोणता?’, ‘दादा एक नंबर नाचलास’ असं लिहिलेलं असेल आणि ‘किलोला काय भाव?’ एकानेही विचारलं नसेल, तर माल कुणाला दिसलाच नाही. मग रीलची आकडेवारी, म्हणजे इनसाइट्स, उघडावेत. शहरांच्या यादीत दूरदूरची मोठी शहरं वर आणि आपला तालुका नावालाही नसेल, तर कुरिअरने माल न पाठवणाऱ्या दुकानाला त्या व्ह्यूजचा उपयोग काय? पाहणारे कितव्या सेकंदाला निघून गेले याचा आलेखही तिथे असतो. रेघ हळूहळू उतरत असेल तर ते रीतीचंच आहे. ज्या सेकंदाला पॅकेट येतं तिथेच ती कड्यावरून पडावी तशी कोसळत असेल, तर लोकांनी जाहिरात ओळखली आणि वाट धरली. याचा अर्थ पॅकेट आणू नये असा बहुतेकजण घेतात. खरं तर ते उशिरा आणलं म्हणून उपरं वाटलं. पहिल्या सेकंदाला मिरची दिसली असती तर दहाव्या सेकंदाच्या पॅकेटने कुणी दचकलं नसतं.

आता उरतो वेळेचा प्रश्न. ट्रेंड कळून, माणसं जमवून, शूट होऊन रील चढेपर्यंत दोन दिवसांच्या वर गेले तर ती शिळी होते, ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर उपाय ट्रेंडच्या मागे अधिक जोरात धावणं हा नाही. मालाची चित्रं आधीच काढून ठेवावीत. फेब्रुवारी ते मे, मिरची दारात असते तेव्हा एका सकाळी दहा-बारा तुकडे घ्यावेत, प्रत्येक सहा-सात सेकंदांचा: वाळत टाकलेली मिरची, तुटणारा देठ, सूप, काटा, कढईत भाजला जाणारा मसाला, कांडप, चाळण, पॅकेट. पावसाळ्यात ट्रेंड आला तरी कापणीला तासभर पुरतो.

त्या सकाळी आणखी एक काम करून ठेवावं. कांडपाची लोखंडी मुसळं आळीपाळीने आपटतात, त्याचा आवाज वीसेक सेकंद, बाकी कुणी न बोलता, फोनवर नीट टिपून घ्यावा. घड्याळ लावून पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणले की त्याची लय मिळते. गावातल्या हलगीवाल्याला पैसे देऊन, लेखी संमती घेऊन त्याच लयीवर वाजवायला सांगितलं तर सूरही मिळतो. रील चढवताना तो ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून दुकानाच्या खात्याच्या नावाने नोंदला जातो. बूस्ट करताना गाण्याच्या हक्काची अडचण येत नाही, आवाज बंद पडायची धास्ती राहत नाही, आणि उद्या संकेश्वरच्या एखाद्या पोराने तोच ठेका आपल्या रीलवर लावला, तर तिथेही ऑडिओच्या पट्टीवर नाव या चटणीवाल्यांचंच दिसेल.